सव्वीस नंबरच्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत

मंडळी, आजची पोस्ट गणितावर आहे आणि जरा लांब आहे. पण ज्यांची मुलं यंदा बारावीला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, कारण विषय पैशाचाही आहे.

आपल्याकडच्या एका क्लासने गेल्या महिन्यात फी-सवलतीची परीक्षा घेतली. नाव लिहीत नाही, तो मुद्दा नाही. पहिल्या दहा जणांना निम्मी फी माफ. मार्किंग जेईई मेनसारखं, म्हणजे बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर एक वजा. अकराव्या नंबरवर आलेल्या मुलीचे वडील पेपर आणि उत्तरसूची घेऊन माझ्याकडे आले. दहाव्या आणि अकराव्यात फरक तीन मार्कांचा. वाद सव्वीसाव्या प्रश्नाचा.

प्रश्न असा होता:

∫ sin x cos x dx = ?

ए) (1/2) sin²x + C
बी) −(1/2) cos²x + C
सी) −(1/2) cos 2x + C
डी) (1/4) cos 2x + C

उत्तरसूचीत ए. मुलीने बी लिहिलेलं. चार गेले, वर एक वजा, म्हणजे पाच मार्कांचा फटका.

पत्रकारितेच्या डिप्लोमाआधी मीही बारावी सायन्सच केलंय, त्यामुळे हे गणित तपासायला मला कुणाकडे जावं लागलं नाही. इंटिग्रेशनची एक सोय आहे, जी गणितात सगळीकडे मिळत नाही. उत्तर काढायला कितीही त्रास होवो, उत्तर तपासणं सोपं असतं. पर्यायाचं डिफरन्शिएशन करायचं. ∫ च्या आत जे होतं ते परत मिळालं तर पर्याय बरोबर, नाहीतर चूक.

आता चारही पर्याय तपासू. ए चं डिफरन्शिएशन केलं की (1/2) × 2 sin x × cos x, म्हणजे sin x cos x. बरोबर. बी चं केलं की −(1/2) × 2 cos x × (−sin x). दोन उणे मिळून अधिक, पुन्हा sin x cos x. हेही बरोबर. सी मधून sin 2x येतं, म्हणजे 2 sin x cos x. हे दुप्पट झालं. डी मधून −(1/2) sin 2x, म्हणजे −sin x cos x. चिन्ह उलटं. सी आणि डी गेले. ए आणि बी दोन्ही उरले.

हे जादूने झालेलं नाही. sin x ला t मानून सोडवलं की ए येतं, cos x ला t मानून सोडवलं की बी येतं. दोन्ही रस्ते वर्गात शिकवतात. आणि sin²x + cos²x = 1 हे तर दहावीच्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे ए मधून बी वजा केलं की उरतो फक्त 1/2, एक स्थिर आकडा. तो C च्या पोटात जातो. C लिहायचा तो त्यासाठीच.

मी क्लासमध्ये जाऊन विचारलं. मिळालेलं उत्तर मला जास्त काळजीचं वाटलं. तिथले सर म्हणाले, “अहो, दोन्हींत x = 0 टाकून बघा. एकात शून्य येतं, दुसऱ्यात उणे अर्धा. मग दोन्ही सारखे कसे?”

हीच खरी गफलत आहे, आणि ती बरीच मुलंही करतात. आकडा टाकायचाच असेल तर तो पर्यायाच्या डेरिव्हेटिव्हमध्ये टाकायचा, पर्यायात नाही. शेजारच्या दोन घरांचे विजेचे मीटर घ्या. एकावर आज 1200 दिसतात, दुसऱ्यावर 4700. महिन्याने 1300 आणि 4800. बिल दोघांनाही शंभर युनिटचंच येणार. मीटर कुठल्या आकड्यापासून सुरू झाला याला बिलात किंमत नाही, दोन रीडिंगमधल्या फरकाला आहे. इथेही तसंच बघा. x शून्यापासून π/2 पर्यंत नेला तर ए 0 वरून 1/2 वर जातो आणि बी −1/2 वरून 0 वर. दोघांची वाढ अर्ध्याचीच. सी मात्र −1/2 वरून 1/2 वर जातो, म्हणजे वाढ 1. त्याचा मीटर दुप्पट पळतोय. डी तर उलटा फिरतो.

मुलांसाठी एक सूचना. घाईत एकच आकडा टाकून तपासायचं असेल तर तो नीट निवडा. वरच्या गणितात डेरिव्हेटिव्हमध्ये x = 0 टाकलं तर चारही पर्यायांचं शून्यच येतं आणि काहीच कळत नाही. x = π/4 टाका. मूळ sin x cos x ची किंमत 1/2 येते, सी ची 1 आणि डी ची −1/2. दोघे तिथेच पकडले जातात. म्हणजे एका आकड्याने चुकीचा पर्याय बाद करता येतो, पण बरोबर ठरवायला पूर्ण डिफरन्शिएशनच करावं लागतं.

पर्यायांमध्ये फरक फक्त पुढच्या गुणकाचा असतो, तिथे ही तपासणी सोन्यासारखी आहे. ∫ dx/(4x² + 9) घ्या. चारही पर्यायांत tan⁻¹(2x/3) तेच, पुढे 1/6, 1/9, 1/3, 2/3 असे आकडे. इथे पोरं हमखास घसरतात, 4x² मधला 2 बाहेर काढायचा राहून जातो. पण x = 0 ला मूळ किंमत 1/9 आहे, आणि tan⁻¹(2x/3) च्या डेरिव्हेटिव्हची 2/3. मग 2/3 ला कितीने गुणलं की 1/9 येईल? 1/6. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यात एवढा वेळ काढता येतो.

पण गुणलेला आकडा वेगळा आणि मिळवलेला आकडा वेगळा. गुणकातली चूक डिफरन्शिएशन पकडतं. मिळवलेला आकडा डिफरन्शिएशनमध्ये शून्य होतो, म्हणून ए आणि बी मधला फरक त्याला दिसूच शकत नाही. विद्यार्थ्याने कितीही तपासलं तरी दोन्ही बरोबरच निघणार. तिथे दोष विद्यार्थ्याचा नसतो, प्रश्नच सदोष असतो. log|x + √(x² + a²)| वाल्या सूत्राचंही तसंच. काही पुस्तकांत ते सगळं a ने भागलेलं दिसतं, फरक फक्त log a चा. दोन्ही रूपं एकाच प्रश्नाच्या पर्यायांत आली की पुन्हा हाच घोळ.

पेपर काढणाऱ्याला हे टाळायला एक ओळ पुरली असती. “f′(x) = sin x cos x आणि f(0) = 0, तर f(x) किती?” असं विचारायचं आणि पर्यायांतून C काढून टाकायचा. मग एकटा ए बरोबर, कारण मीटरचं सुरुवातीचं रीडिंग सांगितलेलं आहे. किंवा छापण्याआधी चारही पर्यायांचं डिफरन्शिएशन करून बघायचं. पाच मिनिटांचं काम.

सरांचं दुसरं म्हणणं असं की, “आम्ही वर्गात sin x ला t मानूनच शिकवतो, तेच स्टँडर्ड.” मला हे पटत नाही. पेपरात रीत विचारली नव्हती, उत्तर विचारलं होतं. शिवाय ही परीक्षा बाहेरच्या मुलांसाठीही खुली होती. त्यांनी तुमच्या वर्गातली रीत कुठून ओळखायची?

माझं म्हणणं साधं आहे. ए आणि बी दोन्हींना चार मार्क द्या आणि यादी नव्याने लावा. प्रश्न रद्द करणं मला योग्य वाटत नाही, कारण मग ए लिहिणाऱ्या मुलांचे चार मार्क विनाकारण जातील. नव्या यादीत आजचा दहावा खाली सरकला तर त्याला दिलेली सवलत परत मागू नका, अकरा जणांना द्या. एका मुलाची निम्मी फी क्लासला जड नाही.

त्या मुलीच्या वडिलांनी लेखी अर्ज दिलाय, सोबत वरचं डिफरन्शिएशन तिच्या अक्षरात जोडलंय. आज संध्याकाळपर्यंत यादी बदललेली नव्हती. फी भरायची शेवटची तारीख शनिवार आहे.