हप्त्याची पावती मार्चपुरती नसते



मार्च महिना आला की तुमच्या-आमच्या घरात विमा एजंटाची चिठ्ठी येते. ‘हप्ता भरा, कर वाचवा, दाखला जपून ठेवा’ असे तिच्यात लिहिलेले असते. आपण ती वाचतो, कोनाड्यात ठेवतो आणि विसरतो. यंदा मात्र ही चिठ्ठी छापायला जाण्याआधीच माझ्या हाती पडली. त्यातून जे उमगले ते सांगतो.

माझा भाचा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ विमा एजंटाचे काम करतो. कचेरीच्या कामाने मी ठाण्याला गेलो होतो, तेव्हा त्याच्याकडे चहाला थांबलो. त्याची निम्मी गिऱ्हाइके ठाण्यातली नोकरदार, तर निम्मी शहापूर-मुरबाडकडची, आपल्यासारखी भातशेती करणारी. वर्षअखेरची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, “मामा, गावाकडच्या माणसाला हे समजेल का, एवढे सांगा.”

मी चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, “समजेल रे, पण लागू कुणाला पडेल?”

तो हसला. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि त्याच्या गिऱ्हाइकांपैकी तीन घरांचा हिशेब मांडला. ती घरे तुमच्याही गावात सापडतील.

पहिले घर निव्वळ शेतीचे. भात, थोडा भाजीपाला, दोन म्हशी. नवऱ्याच्या नावे वर्षाला बारा हजारांची पॉलिसी. या घराला हप्त्यामुळे किती कर वाचतो? एक पैसाही नाही, कारण कर मुळात लागतच नाही. शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळलेले आहे, आणि ते काही आजचे नाही. १८८६ च्या इंग्रजी अमदानीतल्या आयकर कायद्यानेच शेतीचे उत्पन्न वगळले होते. गंमत अशी की आयुर्विम्याच्या हप्त्याला सूटही त्याच कायद्याने दिली. म्हणजे दोन्ही सवलती एकाच वयाच्या, पण एका घराला दोन्ही क्वचितच उपयोगी पडतात. दुधाचे उत्पन्न कायद्याने शेतीचे धरत नाहीत, पण दोन म्हशींच्या दुधातून कर लागण्याएवढा पैसा येत नाही. म्हणून या घराने पॉलिसी घ्यावी ती कर्त्या माणसामागे घर उघडे पडू नये म्हणून. ‘कर वाचतो’ हे कारण या घराला सांगण्यात अर्थ नाही.

दुसरे घर नोकरदाराचे. आईवडील गावी शेतीवर आणि मुलगा ठाण्यात नोकरीला, पगार वर्षाला ८ लाख ४० हजार. भविष्य निर्वाह निधीत वर्षाला ६० हजार जातात आणि स्वतःच्या विम्याचा हप्ता ३६ हजार. जमीन वडिलांच्या नावे, म्हणून शेतीचे उत्पन्न त्याच्या हिशेबात येत नाही. इथे नीट लक्ष द्या. आयकर मोजण्याच्या आता दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी. विम्याच्या हप्त्याची सूट, जिला एजंट ‘८०सी’ म्हणतात, ती फक्त जुन्या पद्धतीत मिळते. तिची मर्यादा सर्व बचती मिळून दीड लाख रुपये. आणि २०२३-२४ सालापासून आपण काही सांगितले नाही तर नवी पद्धत आपोआप लागू होते.

या मुलाचा ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षाचा हिशेब दोन्ही तऱ्हांनी करू. जुन्या पद्धतीत पगारातून ठरलेली ५० हजारांची वजावट, मग निधी आणि हप्ता मिळून ९६ हजार वजा. उरले ६ लाख ९४ हजार. त्यावर उपकर धरून कर होतो ५३ हजार ३५२ रुपये. नव्या पद्धतीत हप्त्याची सूट नाही, पण ७५ हजारांची वजावट आहे आणि पगारदाराचे उरलेले उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर पूर्ण कर माफ होतो. म्हणून याचा कर शून्य.

भाचा म्हणाला, “म्हणजे हप्त्यामुळे जुन्या पद्धतीत याचे सात हजार चारशे अठ्ठ्याऐंशी वाचतात हे खरे, पण ते वाचवायला गेला तर त्रेपन्न हजार भरावे लागतील!”

अगदी तसेच. बैल विकून कासरा राखल्यासारखे. ज्याचा पगार याहून बराच मोठा आहे, घराच्या कर्जाचे व्याज चालू आहे, घरभाड्याची सूट मिळते, त्याने दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. पगारदाराला दरवर्षी पद्धत निवडता येते. बाकीच्यांनी केवळ करासाठी मार्चमध्ये घाईने नवी पॉलिसी घेऊ नये.

जुनी पद्धत ज्याला परवडते त्यानेही दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पॉलिसी कुणाच्या नावे आहे. स्वतःच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आणि मुलांच्या पॉलिसीचा हप्ता सुटीत धरतात, आईवडिलांच्या पॉलिसीचा धरत नाहीत. गावच्या वडिलांचा हप्ता ठाण्यातला मुलगा भरतो आणि दाखला कचेरीत देतो, तेव्हा तो परत येतो तो याच कारणाने. आईवडिलांच्या आजारपणाच्या विम्याला वेगळी सूट आहे, पण तीही जुन्या पद्धतीतच, आणि तो हप्ता रोखीने भरलेला चालत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. पैसे ज्या दिवशी भरले ते वर्ष धरतात, हप्ता कधी देय होता ते नव्हे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. २८ मार्चचा हप्ता १० एप्रिलला भरला तर पॉलिसी चालू राहते, पण सूट पुढच्या वर्षात जाते. म्हणून एजंटाच्या हाती रोख दिली असेल तर त्याच्या शब्दावर विसंबू नका. कंपनीच्या पावतीवरची तारीख पाहा.

आता तिसरे घर. खरी काळजी याचीच आहे. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्यात जमीन गेली, भरपाई आली. या घराने २०१८ साली त्यातले ५ लाख एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीत टाकले. दहा वर्षांची मुदत, विम्याची रक्कम ६ लाख २५ हजार. त्यांना वाटते की मुदत संपल्यावर मिळणारा पैसा करमुक्त असतो, कारण विम्याचा पैसा करमुक्त असतो असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत.

इथे एक अट आहे. १ एप्रिल २०१२ नंतर काढलेल्या पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विम्याच्या रकमेच्या दहाव्या भागाहून जास्त असेल, तर मुदतीनंतर मिळणाऱ्या पैशातला नफा करपात्र ठरतो. हे ओळखायची सोपी खूण सांगतो. पॉलिसीचा पहिला कागद काढा. वर्षभराच्या हप्त्यापुढे एक शून्य लावा. येणारा आकडा विम्याच्या रकमेएवढा किंवा कमी असेल तर या अटीची चिंता नाही. बारा हजारांच्या हप्त्यापुढे शून्य लावले की १ लाख २० हजार होतात. विमा २ लाखांचा आहे, म्हणजे ठीक. पाच लाखांपुढे शून्य लावले की ५० लाख होतात आणि विमा सव्वासहा लाखांचा! म्हणजे अट मोडली. विमेदार मुदतीत वारला तर मात्र वारसाला मिळणारा पैसा करमुक्तच असतो, तिथे ही अट नाही.

समजा, २०२८ साली या घराला ८ लाख ६० हजार मिळाले. भरले होते ५ लाख, नफा ३ लाख ६० हजार. आजच्या नियमाने, मिळणारी रक्कम लाखाच्या वर असल्याने कंपनी या नफ्यातून दोन टक्के, म्हणजे ७ हजार २०० रुपये कर आधीच कापून ठेवते. पण कंपनीकडे पॅन नोंदवलेला नसेल तर वीस टक्के, म्हणजे ७२ हजार रुपये कापतात. आपल्या शेतकऱ्याची फसगत होते ती इथे.

वास्तविक या घराला दुसरे करपात्र उत्पन्न नाही. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून या नफ्यावर त्यांना काहीच देणे लागत नाही. त्यांनी मुदत संपायच्या आधी पॅन नोंदवावा आणि आपल्याला कर लागत नाही असे ठराविक नमुन्यात लिहून द्यावे, म्हणजे कपात होत नाही. झालीच तर आयकराचे विवरणपत्र भरून ती परत मिळते. आणि नफा किती हे ठरते कशावरून? आपण किती भरले यावरून. त्याचा पुरावा म्हणजे २०१८ सालची ती पावती.

भाचा उठला आणि कपाटातून फाईल काढून म्हणाला, “मामा, अशी अकरा घरे आहेत माझ्याकडे.” त्यातल्या चौघांचा पॅन नोंदलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने चौघांनाही फोन केले.

आपण बियाणे घेतो तेव्हा मी तुम्हांला नेहमी सांगतो की पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि बिल हंगाम संपेपर्यंत टाकू नका. उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागते. विम्याचा हंगाम वीस वर्षांचा असतो, एवढाच फरक. म्हणून घरात एका पिशवीत तीन गोष्टी ठेवा. मूळ पॉलिसी, कारण तिच्यावर विम्याची रक्कम, सुरू झाल्याची तारीख आणि वारसाचे नाव असते. दरवर्षीचा हप्ता भरल्याचा दाखला, एका वर्षाचा एक. आणि पॅन व बँकेचा तपशील कंपनीकडे नोंदवल्याची पोच. ती पिशवी कुठे आहे हे घरच्या मालकिणीला ठाऊक असू द्या. विम्याचा कागद लागण्याची वेळ येते तेव्हा पुष्कळदा तो ठेवणारा माणूस घरात नसतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे आकडे बदलले, ८०सी चे कलम १२३ झाले. हप्त्याच्या सुटीचा आणि दहाव्या भागाचा नियम मात्र त्यातही आहे. तेव्हा एजंटाच्या पुढच्या चिठ्ठीत वेगळा आकडा दिसला तर गडबडू नका.

भाच्याने आपली चिठ्ठी पुन्हा लिहिली. ‘कर वाचवा’ ही ओळ त्याने खाली नेली आणि वर लिहिले, ‘हप्त्यापुढे एक शून्य लावून पाहा, आणि पॅन नोंदवला का ते मला कळवा.’ तुमच्या एजंटाने लिहिले नसेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर पेटी उघडून तुम्हीच पाहा.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी भाजीपाल्याच्या पाण्याविषयी बोलू.