टेंडरचा दर कुठपर्यंत खाली आणायचा? एनपीव्ही शून्य होतो तिथपर्यंत, एक रुपयाही पुढे नाही

टेंडर भरताना आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. वर्षाचा खर्च काढायचा, त्यात मशीनचा घसारा मिळवायचा, वर दहा टक्के नफा लावायचा आणि दर टाकून मोकळं व्हायचं. समोरून "अजून थोडं कमी करा" असं आलं की नफ्याचे दहा टक्के पाचवर आणायचे आणि मनाशी म्हणायचं, "चला, तोटा तर नाही ना!"

माझं स्पष्ट मत आहे की या पद्धतीने दर भरणारा माणूस कागदावर नफा दाखवतानाही खिशातून पैसे घालवू शकतो. आपला किमान दर म्हणजे ज्या दराला कामाचा एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, बरोबर शून्य येतं तो दर. हा दर शोधायला अवघड गणित लागत नाही. फक्त नेहमीचं गणित उलट्या बाजूने करावं लागतं. एक उदाहरण पूर्ण सोडवू म्हणजे कळेल.

काम काय आहे?

समजा, एका खासगी हॉस्पिटलला चादरी, अभ्रे, गाऊन धुऊन, इस्त्री करून हवे आहेत. कंत्राट चार वर्षांचं, वर्षाला साधारण १ लाख किलो कपडे, दर किलोमागे. पैसे बिलानंतर ६० दिवसांनी मिळणार. सगळे आकडे जीएसटी वगळून धरू, कारण तो आपला पैसा नाही.

वॉशर, ड्रायर आणि चादरी इस्त्री करणारं रोलर मशीन मिळून २४ लाख. चार वर्षांनी ही मशिनरी ६ लाखांना विकली जाईल असा अंदाज. बिल दोन महिन्यांनी मिळणार, म्हणजे तोवर पगार, वीज, गॅस, साबण आपल्या खिशातून. त्यासाठी खेळतं भांडवल ४ लाख. हॉस्पिटलकडे अनामत १ लाख. म्हणजे पहिल्या दिवशी एकूण २९ लाख बाहेर. त्यातले खेळत्या भांडवलाचे आणि अनामतीचे ५ लाख काम संपल्यावर परत मिळतील.

वर्षाचा चालू खर्च २२ लाख. यात तुमचा स्वतःचा पगारही धरलाय. दुसऱ्याकडे नोकरी केली असती तर जो पगार मिळाला असता, तो इथे खर्चातच लिहायचा. तो नफ्यातून काढू असं म्हणालात तर पुढचं सगळं गणित खोटं ठरतं.

पैशाला किती टक्के लावायचे?

२९ लाखांपैकी १७ लाख बँकेचे, १२ लाख आपले. बँक १२ टक्के घेते, पण व्याज खर्चात धरता येतं म्हणून कर वाचतो. कराचा दर २५ टक्के धरला तर ते कर्ज आपल्याला ९ टक्क्यांना पडतं. आपल्या १२ लाखांवर आपण जोखीम घेतोय, म्हणून तिथे २४ टक्के अपेक्षा धरू. दोन्हीची सरासरी रकमेच्या प्रमाणात काढली की जवळपास १५ टक्के येतात. हाच आपला दर.

आणि इथेच एक घोळ होतो. हे १५ टक्के लावल्यावर बँकेचा हप्ता किंवा व्याज पुन्हा चालू खर्चात टाकायचं नाही. पैशाची किंमत १५ टक्क्यांत आलेली आहे. ती दोनदा धरली तर दर उगाच वर जातो आणि मिळणारं काम हातातून सुटतं.

१५ टक्क्यांनी पाहिलं तर वर्षानंतर मिळणारा १ रुपया आज ८७ पैशांचा असतो, दोन वर्षांनंतरचा ७६ पैशांचा, तीन वर्षांनंतरचा ६६ आणि चार वर्षांनंतरचा ५७ पैशांचा. म्हणजे चार वर्षं दरवर्षी १ रुपया मिळणार असेल तर त्याची आजची किंमत ४ रुपये नाही, साधारण २ रुपये ८५ पैसे आहे. नेमका आकडा २.८५५.

आता उलट चालू

नेहमी आपण दर धरून नफा काढतो. इथे शेवट आधी ठरवायचा, एनपीव्ही शून्य, आणि मागे चालत दरापर्यंत यायचं.

आज बाहेर जाणारे २९ लाख. चौथ्या वर्षाच्या शेवटी मशिनरीचे ६ आणि अडकलेले ५ असे ११ लाख येतील. त्यांची आजची किंमत ६.२९ लाख. (आयकराच्या हिशोबात मशिनरीची शिल्लक किंमत तेव्हा ६ लाखांहून जास्त असेल, म्हणून विक्रीवर वेगळा कर धरलेला नाही.) शिवाय मशिनरीवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो आणि तेवढ्यावर कर वाचतो. पहिल्या वर्षी ३.६० लाख घसारा, म्हणजे ९० हजारांचा कर वाचला. पुढे तो आकडा कमी होत जातो. चारही वर्षांच्या बचतीची आजची किंमत २.१० लाख.

२९ मधून ६.२९ आणि २.१० वजा केले की २०.६१ लाख उरतात. हे धंद्याने दरवर्षी कमावून भरून काढायचे. २०.६१ ला २.८५५ ने भागा: वर्षाला ७.२२ लाख, कर भरल्यानंतर. एक्सेलमध्ये हेच एका ओळीत येतं:

```
=PMT(15%,4,-2061000)
```

कर भरून ७.२२ लाख उरायचे तर कराआधी ७.२२ भागिले ०.७५, म्हणजे साधारण ९.६३ लाख हवेत. त्यात चालू खर्चाचे २२ लाख मिळवा: ३१.६३ लाख. १ लाख किलोने भागलं की किलोला ३१ रुपये ६३ पैसे. हा आपला किमान दर.

दहा टक्के नफ्यातला तोटा

आता आपली नेहमीची पद्धत लावू. खर्च २२ लाख, घसारा वर्षाला साडेचार लाख (२४ वजा ६, भागिले ४). एकूण २६.५०. वर दहा टक्के, म्हणजे दर २९ रुपये १५ पैसे. हिशोबवहीत दरवर्षी नफा दिसेल, करही भरावा लागेल. पण हा दर किमान दरापेक्षा जवळपास अडीच रुपयांनी खाली आहे आणि त्याचा एनपीव्ही उणे ५.३० लाख येतो. "ना नफा ना तोटा" म्हणून २६.५० टाकला असता तर जवळपास ११ लाख गेले असते.

पैसे गेले कुठे? घसारा फक्त मशीनचे पैसे परत आणतो. ते पैसे चार वर्षं अडकले त्याचं भाडं घसाऱ्यात नसतं. खेळतं भांडवल आणि अनामत तर घसाऱ्यात येतच नाहीत, कारण ते परत मिळतात. परत मिळतात खरे, पण चार वर्षांनी.

काही जण म्हणतात, "सर, एनपीव्ही शून्य म्हणजे फुकट राबणं झालं की!" तसं नाही. शून्यावर तुमचा पगार निघाला, बँकेचे व्याज-मुद्दल फिटले आणि तुमच्या १२ लाखांवर २४ टक्के मिळाले. शून्याचा अर्थ एवढाच की ठरवलेल्यापेक्षा जास्त काही मिळालं नाही.

एक रुपयाची किंमत माहीत असू द्या

बोलणी चालू असताना लॅपटॉप उघडून बसता येत नाही. म्हणून एकच आकडा पाठ ठेवा. आपल्या उदाहरणात किलोमागे १ रुपया कमी केला तर वर्षाला १ लाख जातात, कर धरून ७५ हजार, चार वर्षांचे आजच्या किमतीत २.१४ लाख. "आधी शिरकाव करू, दर नंतर वाढवू" असं कुणी सुचवलं तर स्वतःला विचारा: या हॉस्पिटलमध्ये शिरण्यासाठी मी आज २.१४ लाख रोख मोजले असते का? उत्तर हो असेल आणि त्यामागे ठोस कारण असेल तर जरूर उतरा. पण मग तो जाहिरातीचा खर्च आहे हे मान्य करून उतरा.

किमान दर अटींवर उभा असतो

३१.६३ हा आकडा दोन गृहीतांवर टिकून आहे. पहिलं म्हणजे वर्षाला १ लाख किलो माल. समजा २२ लाखांपैकी १४ लाख भाडं-पगारासारखे ठरलेले आणि ८ लाख मालाप्रमाणे बदलणारे आहेत. माल ८० हजार किलोवर आला तर किमान दर ३७ रुपये ५३ पैसे होतो. म्हणून करारात किमान मालाची हमी मागा. "साधारण एक लाख किलो" हे वाक्य टेंडरच्या कागदावर असलं तरी ती हमी नसते.

दुसरं म्हणजे खर्च चार वर्षं २२ लाखच राहील हे. तो दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला आणि दर मात्र गोठलेला असेल, तर पहिल्या दिवसापासून किलोला दीड रुपया जास्त हवा, म्हणजे ३३ रुपये १३ पैसे. दरवाढीची अट मिळत असेल तर ३१.६३ वर विचार करा, नसेल तर ३३.१३ हाच तुमचा तळ.

आणि तळ म्हणजे भरायचा दर नव्हे. सगळ्यात कमी दराला काम मिळतं तिथे बहुतेक वेळा तोच जिंकतो ज्याने खर्च सगळ्यात कमी धरलाय, आणि तो अंदाज चुकलेलाही असू शकतो. तळावरच दर भरला तर अंदाज जरा हुकला की नुकसान सुरू. म्हणून दर तळाच्या वर भरा आणि तळाचा आकडा स्वतःपुरता वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. बोलण्यात आकडा त्याखाली जायला लागला की हात जोडून उठायचं. दुसऱ्या कुणाला ते काम २९ रुपयांना मिळालं तर मिळू द्या. त्याच्याकडे जुनी मशिनरी पडून असेल किंवा त्याचा खर्च खरंच कमी असेल. नाहीतर त्याने २.८५५ ने भागलेलं नसेल.