बाईंना लिहिलेली चिठ्ठी

मुलांच्या शाळेत पाठवायच्या चिठ्ठ्यांत सर्वांत निरुपयोगी चिठ्ठी कोणती, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, ‘घरगुती अडचणीमुळे गैरहजर.’ या तीन शब्दांत बारसेही मावते, मामाचे लग्नही मावते आणि मृत्यूही. आमच्या शेजारच्या मुलाची आजी वारली तेव्हा त्याच्या वडिलांनी हेच तीन शब्द लिहून दिले. मुलगा वर्गात गेला आणि मास्तरांनी हसत विचारले, “काय हो पाहुणे, कुणाचे लग्न जेवून आलात?” मास्तर वाईट नव्हते हो! त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते.

गेल्या वर्षी सहामाहीच्या तोंडावर माझे वडील सांगलीला गेले. आम्ही साताऱ्याला राहतो. रात्री फोन आला आणि पहाटेच्या एस. टी. ने कराडवरून आम्ही सांगली गाठली. धाकटी माझ्याबरोबर होती. ती तेव्हा सहावीत होती. कृष्णेच्या घाटावरचा दहावा झाला, तेरावा झाला आणि आम्ही परतलो तेव्हा शाळेचे अकरा दिवस बुडाले होते. सत्रपरीक्षा आठ दिवसांवर होती.

आता येथे एक जुनी अडचण आहे. लेकीला बापाचे सुतक तीन दिवसांचे, नातीलाही तेवढेच. मग मुलगी दोन आठवडे कशी घरी, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. चिठ्ठीत आपण त्याचा वाद घालू नये. नाते कागदावर काय आहे यापेक्षा रोजच्या जगण्यात काय होते ते दोन ओळींत लिहावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. ‘आईचे वडील वारले’ एवढ्यावर बाईंना काहीच कळत नाही. एखादे आजोबा वर्षातून एकदा दिसतात, एखादे रोज फोनवर पाढे म्हणून घेतात.

आमचे आजोबा दुसऱ्या जातीचे. मे महिन्यात आणि दिवाळीत धाकटी सांगलीलाच असायची. पावसाळ्यात आयर्विन पुलावर नेऊन ते तिला पाण्याची फूटपट्टी वाचायला शिकवीत. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी, हे तिला स्वतःच्या वाढदिवसाइतके पाठ. 2019 च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले होते, ती हकीकत तिने त्यांच्याकडून पंचवीस वेळा तरी ऐकली असेल. आणि नेमका तिचा त्या सत्राचा भूगोलाचा प्रकल्प होता, ‘आमची नदी’. अर्धा झाला होता. उरलेला अर्धा आजोबा सांगणार होते.

मी जी चिठ्ठी लिहिली ती अशी :

‘बाईंना सादर नमस्कार. माझे वडील सांगलीला वारले. त्यामुळे मुलगी अकरा दिवस शाळेत नव्हती. उद्यापासून येईल. आजोबा आणि ती फार जवळची होती. ते वारले, म्हणजे आता परत येणार नाहीत, हे आम्ही तिला याच शब्दांत सांगितले आहे आणि तिला ते कळले आहे. वर्गात सर्वांसमोर याचा उल्लेख होऊ नये, अशी तिचीच इच्छा आहे. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तिने सांगितले आहे.

‘बुडालेल्या अभ्यासात गणिताची दोन प्रकरणे आणि इंग्रजीची लेखी चाचणी आहे. सगळे स्वाध्याय उतरवून काढण्याऐवजी कोणते आवश्यक आहेत ते आपण सांगावे, ते आम्ही करून घेऊ. चाचणीच्या जागी तोंडी घेता आली तर बरे होईल. भूगोलाचा प्रकल्प ती आजोबांबरोबर करीत होती. त्याला मुदत किंवा दुसरा विषय मिळावा. मराठीत ‘माझे आजोबा’ असा निबंध होणार असेल तर तिला आधी एकटीला सांगावे आणि नको असल्यास दुसरा विषय द्यावा. ती मध्येच पाणी प्यायला जाऊ का म्हणाली तर जाऊ द्यावे. काही वेगळे दिसले तर मला कळवावे.’

एवढेच. पानाची एक बाजू.

यातला प्रत्येक शब्द मी तोलून लिहिला होता. ‘वारले’ हा शब्द मुद्दाम. आमच्या भावाच्या पाच वर्षांच्या मुलाला ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगितले होते. तो दर एस. टी. ला खिडकीत जाऊन उभा राहू लागला. एवढ्या लहान मुलांना मरण कायमचे असते हे पुरते उमगत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ते चांगले उमगते. घरात एक शब्द आणि शाळेत दुसरा, असे झाले तर मूल कुणालाच काही विचारीत नाही. म्हणून घरात काय सांगितले ते बाईंना ठाऊक असावे.

अभ्यासाबद्दल मागताना ‘सांभाळून घ्यावे’ असे मोघम लिहिले की बाई बिचाऱ्या काय करणार? एक तर सगळे माफ, नाही तर काहीच नाही. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 2010 च्या शासननिर्णयाने जी मूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात पाचवी-सहावीला निम्मे गुण वर्षभराच्या आकारिक कामाचे आणि निम्मे सत्राच्या लेखी-तोंडीचे धरले होते. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी वगैरे. त्यातली कोणती साधने केव्हा वापरायची हे बाईंच्या हाती असते. म्हणजे एक बदलून दुसरे मागणे ही काही मेहेरबानी नव्हे. सत्रपरीक्षाच पुढे ढकला, असे मात्र वर्गशिक्षिकेला सांगून भागत नाही. ते मुख्याध्यापकांचे काम, त्यांना वेगळा अर्ज करावा लागतो. आम्हाला गरज पडली नाही.

ही चिठ्ठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा सल्ला एका हितचिंतकांनी दिला होता. मी हात जोडले. तिथे चाळीस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडतात आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मुले मधल्या सुट्टीत आपल्या मुलीकडे टक लावून पाहतात.

बाईंनी चिठ्ठीच्या मागच्याच बाजूला उत्तर पाठवले : गणिताची प्रत्येक प्रकरणातली सहा उदाहरणे, इंग्रजीची तोंडी बुधवारी मधल्या सुट्टीनंतर, प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीनंतर, विषय तोच की दुसरा हे तिने ठरवावे. तीन आठवड्यांनी आणखी एक ओळ आली : ‘हसते, खेळते. पण शुक्रवारी भूगोलाच्या तासाला पोट दुखते म्हणते. दोनदा झाले.’

मुलांचे दुःख असेच असते. मोठ्यांसारखे ते सलग वाहत नाही. घटकाभर येते, पुन्हा मूल लगोरी खेळायला पळते, आणि मग कधी पोटात दुखते. हसताना पाहून कुणी ‘विसरली’ म्हणू नये. पण झोप उडाली, जेवण तुटले, शाळाच नको म्हणू लागली आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवावे, चिठ्ठ्यांवर विसंबू नये. आमचे दुखणे भूगोलाच्या तासापुरतेच होते. त्या तासाला बाई तिला नकाशे आणायला शिक्षकांच्या खोलीत पाठवू लागल्या.

दिवाळीत सांगलीला गेलो. पाडव्याच्या दुपारी धाकटीने आजीकडे आजोबांची पावसाळ्याची वही मागितली. तीत तारीखवार पाण्याचे फूट लिहिलेले होते. आजीने वही दिली आणि म्हणाली, “त्यांचं अक्षर लागत नाही गं मला. तूच वाचून दाखव.” मग दोघी ओसरीवर बसल्या. एकवीस फूट, चोवीस फूट, एकतीस फूट...