शेरा मार्चमध्ये, पुरावा वर्षभराचा

'हा कर्मचारी कामचुकार आहे', हे वाक्य सरकारी कचेरीत जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्या सहजपणे ते न्यायालयात टिकत नाही. कार्यालयप्रमुखांचा अनुभव खोटा असतो असे नव्हे. ज्या दिवशी काम रखडले, त्या दिवशी कोणी काही लिहिलेले नसते, ही खरी अडचण आहे. वर्षअखेरीस गोपनीय अहवाल भरताना आठवणीवर विसंबून शेरा मारला जातो आणि पुढे पदावनती अथवा सक्तीच्या निवृत्तीचा आदेश निघाला की तोच शेरा प्रशासनाच्या अंगलट येतो.

गुजरात सरकार विरुद्ध उमेदभाई पटेल हा २००१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. शासनाने एका निलंबित अभियंत्याला निवृत्तीचे वय जवळ आलेले असताना सक्तीने निवृत्त केले. मात्र त्याच्या गोपनीय अहवालांत एकही प्रतिकूल शेरा नव्हता आणि कार्यक्षमता रोधही त्याने रीतसर ओलांडला होता. विभागीय चौकशी पूर्ण करण्यास शासनाला पुरेसा अवधी होता; तो न वापरता सक्तीच्या निवृत्तीची आडवाट धरली गेली. आदेश अर्थातच टिकला नाही.

नोंद असणे पुरेसे नाही, ती संबंधिताला कळलीही पाहिजे, हा मुद्दा २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात स्पष्ट झाला. सीमा रस्ते संघटनेतील या अभियंत्याची बढती एका वर्षाच्या 'चांगला' या शेऱ्यामुळे हुकली, कारण बढतीसाठी पाचही वर्षे 'अत्युत्तम' शेरा आवश्यक होता. वरकरणी प्रशंसेचा वाटणारा हा शेरा परिणामाने प्रतिकूलच होता आणि तो त्यांना कळवलाही नव्हता. प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवून निवेदनासाठी १५ दिवस देण्याची पद्धत लागू केली होती. 'गोपनीय' हा शब्द आता बराचसा नावापुरता उरला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग वर्षभर लिहायचे काय? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वरिष्ठ लिपिकाकडे नस्त्या तुंबतात. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानुसार, ज्याला सर्वजण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये. म्हणजे मोजपट्टी आयतीच उपलब्ध आहे. जूनमध्ये साहेबांनी कार्यविवरण नोंदवही तपासली. सात दिवसांवरच्या ११ नस्त्या निघाल्या. 'आपण कामात हलगर्जी करता' असा मेमो येथे निरुपयोगी ठरतो. ११ नस्त्यांचे क्रमांक, त्या कोणत्या तारखेला हाती आल्या, त्यांवर अखेरची टिप्पणी कधी झाली आणि त्या कोणत्या तारखेपर्यंत निकाली काढायच्या, हे सारे मेमोत यावे. खाली लिपिकाची तारखेसह पोच हवी. ती नाकारल्यास तशी नोंद साक्षीदारांच्या सहीने करावी.

लिपिकाने खुलासा दिला की दुसऱ्या टेबलाचा कार्यभारही आपल्याकडेच आहे. येथेच बहुतेक अधिकारी चुकतात. खुलासा 'असमाधानकारक' एवढ्याच शब्दात फेटाळला जातो. वस्तुतः अतिरिक्त कार्यभाराचा आदेश तपासून, तो मे अखेरीस संपला होता की नाही हे लिहिले पाहिजे. तो चालू असेल तर काही नस्त्या दुसरीकडे सोपवाव्या लागतील आणि तेही कागदावर यावे लागेल. ऑगस्टमध्ये पुन्हा तपासणी, डिसेंबरमध्ये पुन्हा. सुधारणा झाली असल्यास तीही नोंदवायची. अनुकूल नोंदी गाळलेली फाइल आकसाने तयार केल्याचा संशय आपसूकच येतो. एकाच आठवड्यात लागोपाठ निघालेले पाच मेमोही तसेच बोलके असतात.

एवढे करून मार्चमध्ये अधिकाऱ्याने, वाद नको म्हणून, 'चांगला' असा शेरा दिला तर? मग वर्षभराचे मेमो आणि अहवाल एकमेकांशी भांडू लागतात आणि कर्मचाऱ्याचा वकील अहवालच पुढे करतो. संकोचापोटी दिलेला असा शेरा पुढच्या अधिकाऱ्याचे हात बांधतो.

अर्थात, या कागदपत्रांच्या बळावर कोणाला थेट खाली आणता येत नाही. शिक्षा म्हणून पदावनती किंवा बडतर्फी करायची असेल तर, अपवादात्मक परिस्थिती वगळता, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार दोषारोप कळवून चौकशी करावीच लागते. जूनचा तो मेमो मात्र त्या चौकशीत दस्तऐवज म्हणून दाखल होतो आणि लिपिकाला त्यावर उलटतपासणी घेता येते. त्या वेळी मेमोवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ११ नस्त्यांचे क्रमांक आठवावे लागत नाहीत.