पळसाला पाने तीनच, पण इमोजीत पळस कुठाय?

शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर 'इमोजीवरून म्हण ओळखा' ही कोडी रोज फिरतात. नीट बघा, त्यात त्याच त्या म्हणी असतात. 🕳️🐍 म्हणजे 'आयत्या बिळात नागोबा', 🐒🔥 म्हणजे 'माकडाच्या हाती कोलीत'. कारण सरळ आहे. साप, माकड, हत्ती यांची चित्रं फोनमध्ये तयार मिळतात. उखळ, मुसळ, जातं, सूप यांची मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या म्हणी कोड्यात येतच नाहीत. म्हणी निवडण्याचं काम आपण फोनच्या कीबोर्डवर सोपवलंय, हे मला पटत नाही. आधी म्हण निवडावी, मग चित्रं शोधावीत.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सगळ्यात जवळची म्हण घ्या: 'पळसाला पाने तीनच'. पळस आपल्या मुलांना शिकवावा लागत नाही. तो धुऱ्यावर आहे, पोळ्याला त्याच्या फांद्या दारात येतात, पत्रावळ त्याच्याच पानांची. (विज्ञानाचे सर म्हणतील, ती तीन पानं नाहीत, एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. बरोबर आहे, पण म्हण त्याआधीची आहे.) इमोजीत मात्र पळस नाही.

पहिला प्रयत्न सहसा असा होतो: 🌳🍃3️⃣. हे कोडं फसतं. आकडा दिसला की डोकं 'तीन तिघाडा काम बिघाडा'कडे धावतं. शिवाय 🍃 हे वाऱ्यावर उडणाऱ्या पानांचं चित्र आहे, त्यामुळे काही मुलं पानगळीचा विचार करत बसतात.

मग आकडा काढून तीन पानांचं चिन्ह घ्यावं: 🌳☘️. आता आपल्याकडची मुलं पटकन 'बेल' म्हणतील, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, बेलाचं पानही तीन दलांचंच असतं. एखादा 'तीन पत्ती' म्हणेल, तोही हुशारच! पळसाची फुलं आठवून 🌳🔥 केलं तर तो वणवा वाटतो. म्हणजे नुसत्या वस्तूंची चित्रं मांडून पळस दाखवता येत नाही.

इथे म्हणीचा अर्थ कामाला येतो. 'तीनच' मधला तो 'च' महत्त्वाचा आहे. कुठेही जा, परिस्थिती तीच, असं म्हणीला म्हणायचंय. तेव्हा जाणं बदलत ठेवायचं आणि झाड तेच ठेवायचं:

🚶🌳☘️ 🚌🌳☘️ 🚂🌳☘️

पायी गेलो, एसटीनं गेलो, आगगाडीनं गेलो, झाड तेच आणि पानं तेवढीच. बेल म्हणणारं मूल आता थांबतं, कारण बेलाच्या उत्तरात प्रवासाचं काही कामच नाही. गाड्यांऐवजी 🏠🏡 अशी घरं टाकायचा मोह होतो, तो टाळा. घरं दिसली की उत्तर 'घरोघरी मातीच्या चुली' येणार. दोन्ही म्हणींचा अर्थ जवळजवळ एकच असल्यानं तिथे गल्लत ठरलेली आहे.

शेवटचा आधार अक्षरसंख्येचा द्यावा. पळसाला, पाने, तीनच: 4-2-3. घरोघरी, मातीच्या, चुली: 4-3-2. दोन्हींत शब्द तीन आणि अक्षरं एकूण नऊ, म्हणून नुसतं 'तीन शब्द' किंवा 'नऊ अक्षरं' लिहून भागत नाही, क्रम द्यावाच लागतो. 'च्या' हे जोडाक्षर एकच मोजायचं, हेही कोड्याखाली लिहा, नाहीतर पालक तिथेच वाद घालतील.

फोनचीही एक भानगड आहे. ☘️ काही फोनवर हिरवं न दिसता काळ्या रेघांचं दिसतं. आणि निवडताना शेजारचं 🍀 चुकून टाकू नका, त्याला चार पानं आहेत, म्हणजे म्हणच खोटी पडली! गाढवाचं 🫏 हे चिन्ह 2022 मध्ये मान्य झालं. जुन्या फोनवर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते, तेव्हा 'गाढवाला गुळाची चव काय' करायची असेल तर त्या चौकटीचा विचार करा. कोडं टाकण्याआधी घरातल्या एखाद्या जुन्या फोनवर उघडून पाहावं. म्हण माहीत असलेल्या पण उत्तर न सांगितलेल्या माणसाला दाखवावं आणि 'ओळखलं का?' असं न विचारता 'काय काय आठवलं?' असं विचारावं. दुसऱ्या प्रश्नातच कोड्याची भोकं कळतात.

एवढं करूनही कोणी 'घरोघरी मातीच्या चुली' असं उत्तर दिलं, तर त्याला झाडाचं आणि पानाचं काय केलंस ते विचारा. त्यानं जुळवून दाखवलं तर अर्धा गुण मी देईन. अक्षरं जुळत नाहीत म्हणून पूर्ण मात्र नाही.