प्रिंट टाकली, यंत्र सुधारलं… खरंच?

‘भाऊ, तुमच्यासमोर तं पुरा भरते. तुम्ही गेले का मंग अर्ध्यातच बंद पडते.’ अकोटकडच्या शेतकऱ्याचा फोन होता. अमरावतीच्या आमच्या खोलीत सगळे हसले. मीही हसलो. नंतर कळलं, बग नेमका तेच वागत होता जे तो सांगत होता.

यंत्र साधं होतं. फवारणीच्या ड्रममध्ये २०० लिटर पाणी मोजून सोडायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. पाइपातला सेन्सर लिटरमागे साधारण ४५० पल्स देतो, म्हणजे ९०,००० पल्स झाले की बंद. प्रत्येक पल्सला इंटरप्ट येतो आणि `pulses` एकाने वाढतो. आर्डुइनोचा मुख्य लूप तो आकडा सतत तपासत असतो. पण अधूनमधून ड्रम १४५ लिटरवरच थांबायचा. औषध मात्र २०० लिटरच्या हिशोबाचं, म्हणजे द्रावण जवळपास १.४ पट कडक. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर मेले, ते आठवा. म्हणून हा किरकोळ बग नव्हता.

मी तेच केलं जे कॉलेजात शिकवलं होतं: लूपमध्ये `Serial.println(pulses)` टाकली. बग गायब. ओळ काढली, बग परत. लाजाळूच्या झाडासारखं, हात लावला की मिटतंय. ज्यांच्यासाठी यंत्र बनवत होतो त्यांचा निरोप आला, ‘मग ती ओळ राहू दे ना, माल पाठव.’

माझं भांडण याच वाक्याशी आहे.

आधी बघा काय होत होतं. हा चिप एका वेळी एकच बाइट वाचतो, आणि `pulses` आहे चार बाइटचा. जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर डोळ्यांसमोर आणा. आकडा ०९९९ आहे. तुम्ही उजवीकडून एकेक अंक वाचताय: नऊ, नऊ, नऊ. तेवढ्यात मीटर सरकलं आणि १००० झालं. आता शेवटचा अंक वाचला, एक. तुमच्या वहीत १९९९! चिपमध्ये हेच ६५,५३५ वरून ६५,५३६ होताना घडतं. दोन बाइट जुने, दोन नवे, आणि हाती येतात १,३१,०७१. हे ९०,००० पेक्षा जास्त, म्हणून व्हॉल्व्ह बंद. ६५,५३६ पल्स म्हणजे किती पाणी? १४५ लिटर.

घात व्हायला पल्स नेमका दुसऱ्या बाइटच्या वाचनातच यावा लागतो. ती फट १६ मेगाहर्ट्झवर ०.१२५ मायक्रोसेकंदाची. आमचा लूप साधारण १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दर ऐंशी ड्रममागे एक फसणार. आता प्रिंट टाका. ९६०० बॉडवर एक अक्षर जायला एक मिलिसेकंद, सात अक्षरांच्या ओळीला सात. लूप सातशे पट मंदावला आणि शक्यता छप्पन्न हजारात एकावर गेली. बग मेला नाही, दुर्मीळ झाला. डीबगर लावून चिप थांबवत बसलात तरी वेळ अशीच बिघडते.

जिम ग्रे यांनी १९८५ च्या लेखात अशा बगांना ‘हायझेनबग’ म्हटलं. नाव गमतीचं आहे, पण त्यामुळे लोक याला गूढ समजून सोडून देतात. गूढ काही नाही. ओळ टाकल्यावर बग पळाला, हीच त्याची कबुली आहे की भांडण वेळेचं आहे. तिथे शोध संपत नाही, सुरू होतो.

मग काय करायचं? धावत्या लूपला हात लावायचा नाही. मी आकडा आधी `n` मध्ये घेतला, त्याच्यावरच निर्णय घेतला आणि व्हॉल्व्ह बंद झाल्या*नंतर* `n` छापला. पाण्याऐवजी दुसऱ्या आर्डुइनोतून सेकंदाला ५,००० पल्स दिले आणि मोजणी ६५,००० पासून सुरू केली. आता एका फेरीला दहावा भाग सेकंद. काही मिनिटांतच स्क्रीनवर १३१०७१ उमटलं, आणि पुन:पुन्हा उमटलं.

कोडमध्ये `volatile` होतंच. ते फक्त ‘दरवेळी नव्याने वाच’ म्हणतं, ‘एका दमात वाच’ म्हणत नाही. इलाज तीन ओळींचा:

```
noInterrupts();
unsigned long n = pulses;
interrupts();
```

तेवढ्यात आलेला पल्स हरवत नाही. त्याची खूण चिपमध्ये राहते आणि इंटरप्ट सुरू होताच तो मोजला जातो. मग तीच चाचणी, प्रिंटशिवाय, हजारो फेऱ्या. एकदाही चूक नाही.

‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. ती प्रिंट उद्या कोणीतरी फालतू समजून काढणार, किंवा बॉड १,१५,२०० करणार. त्या दिवशी ड्रमजवळ कोण उभं असेल? तुम्ही नाही, मी नाही. अकोटचा तो माणूस असेल, ज्याच्या फोनवर आपण हसलो होतो.