गर्दीतील रामराम

पाथर्डीच्या आठवडे बाजारात ऐन गर्दीच्या वेळी पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. एका बाजूला मेथी, कोथिंबीर आणि वांगी यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला ज्वारी-बाजरीची पोती, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेने दोन्हीकडून चाललेली माणसे! अशा ठिकाणी ओळखीचे कोणी दिसले, की त्याला रामराम घालावा असे वाटणारच. परंतु तो कोणत्या बाजूने आणि किती जवळ जाऊन घालावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. गर्दीत कसले आले अंतर आणि कसल्या आल्या रीती, असे पुष्कळांचे म्हणणे असते. ते बरोबर नाही. गर्दीने अंतर हिरावून घेतले, तरी कोणत्या बाजूने यावे, कोठे पाहावे आणि काय म्हणावे हे माणसाच्याच हाती राहते.

अशी कल्पना करा की एक बारा वर्षांचा मुलगा बाजारात आला आहे. वीस पावलांवर त्याला त्याचे मामा दिसतात. त्यांच्या उजव्या खांद्यावर ज्वारीचे पोते आहे. मुलगा आनंदाने धावत जातो आणि मागून त्यांच्या पाठीवर थाप मारतो. मामा दचकतात, पोते कलते आणि त्याचे तोंड सुटून ज्वारी चिखलात सांडते. शेजारचा एक मनुष्य पोराला खिसेकापू समजून त्याचे मनगट पकडतो. मुलाच्या मनात प्रेमावाचून दुसरे काही नव्हते. परंतु मामांना ते कळावे कसे? माणसाचे दोन्ही डोळे मिळून समोरचा सुमारे १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या वर्तुळाएवढाच, भाग पाहू शकतात. पाठीमागे काय आहे हे त्यांना दिसत नाही. शिवाय खांद्यावरच्या पोत्यामुळे उजवी बाजूही झाकलेली. अशा वेळी अवचित स्पर्श झाला, तर तो कोणाचा हे समजण्यापूर्वीच शरीर दचकते.

आता त्याच मुलाने काय करावयास हवे होते ते पाहू. पोते उजव्या खांद्यावर आहे, तेव्हा त्याने मामांच्या डाव्या अंगाने चार पावले पुढे जावे आणि मग वळून "मामा!" अशी हाक मारावी. त्यांनी पाहिले, ओळखले, हसले, की मग जवळ यावे. त्यातही त्यांच्या नेमके समोर उभे राहू नये. वाट अरुंद असते. दोघे समोरासमोर थांबले, की मागून येणारी माणसे त्यांच्या अंगावर लोटली जातात. मामांच्या डाव्या बाजूस येऊन त्यांच्याबरोबर चालू लागावे, म्हणजे बोलणेही होते आणि वाटही अडत नाही.

अशा भेटींचा अभ्यास करणारेही विद्वान आहेत. ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांनी अमेरिकेतील एका वाढदिवसाच्या समारंभाचे चित्रीकरण बारकाईने पाहून १९७३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले की माणसे पुष्कळदा दोनदा अभिवादन करतात. एकदा दुरून, हात हलवून किंवा मान उंचावून. आणि नंतर जवळ आल्यावर, हसून व बोलून. मधली वाट चालताना मात्र ती बहुधा नजर दुसरीकडे वळवितात. टक लावून कोणी आपल्याकडे चालत आले, तर कोणालाही अवघडल्यासारखे होते, हे ज्याने त्याने स्वतः पडताळून पाहावे. आपल्याकडचा नमस्कार आणि रामराम या कामी फार सोयीचे आहेत, कारण दोन्ही दुरून करता येतात. हस्तांदोलनाला हाताएवढे अंतर लागते. हाकेला लागत नाही.

पाथर्डी गावाला रेल्वे नाही. आगगाडी पकडण्यासाठी येथील माणसे अहिल्यानगरला जातात, आणि कामधंद्यासाठी मुंबईस गेलेल्यांना तर लोकलच्या गर्दीची ओळख लवकरच होते. तेथे ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. चौदा धरली, तरी प्रत्येकाच्या वाट्यास सत्तावीस सेंटिमीटर बाजूचा एक लहानसा चौरस येतो. मोठ्या माणसाचे खांदे त्याहून रुंद असतात! अमेरिकन अभ्यासक एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात माणसांमधील अंतरांचे चार प्रकार सांगितले होते. त्यांतील सर्वांत जवळचे अंतर सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंतचे असून ते अगदी घरच्या माणसांसाठीच असते, असे त्यांचे म्हणणे. हे आकडे अमेरिकेतील काही लोकांना पाहून ठरविलेले होते. ते पाथर्डीच्या बाजारास जसेच्या तसे लावणे चुकीचे होईल. पुढे २०१७ मध्ये बेचाळीस देशांतील लोकांची माहिती घेतली गेली, तेव्हाही देशादेशांत पुष्कळ फरक आढळला. त्या पाहणीत लोकांनी कागदावरील दोन आकृतींमधले अंतर दाखविले होते. कागदावर उभे राहणे सोपे असते!

तथापि हॉल यांचे एक निरीक्षण लोकलमध्ये तंतोतंत पटते. अनोळखी माणसाला चिकटून उभे राहावे लागले, की प्रवासी अंग आवरून घेतात, हालचाल थांबवितात आणि नजर कोठे तरी दूर लावतात. यालाच कोणी शिष्टपणा म्हणतात. वस्तुतः तो दुसऱ्याला दिलेला मान आहे. पाठीवरची पिशवी पोटाशी घेणे हाही त्यातलाच प्रकार. पुढच्याला काही विचारावयाचे असेल, तर "दादर?" एवढा एकच शब्द त्याच्या खांद्याच्या बाजूने बोलला जातो. त्याचा अर्थ असा, की आपण दादरला उतरणार का, नसल्यास जागा द्यावी. उत्तरादाखल मान हलते आणि दोघे थोडे तिरपे होऊन जागा बदलतात. ओळखीचा माणूस डब्याच्या दुसऱ्या टोकाला दिसला, तर भुवया उंचावल्या, मान लववली, एवढ्याने रामराम होतो. गर्दी चिरून त्याच्यापर्यंत जाण्याचा हट्ट करणारा मनुष्य एकाला भेटण्यासाठी दहांना ढकलतो.

गर्दीत स्पर्श होणारच, म्हणून कोणताही स्पर्श निमूटपणे सोसावा, असे मात्र मुळीच नाही. गाडीच्या धक्क्याने लागलेला हात बहुधा तत्क्षणी मागे जातो, आणि पुष्कळदा तो मनुष्य काही तरी पुटपुटतोही. जो हात मागे जात नाही, किंवा जागा बदलल्यावरही पुन्हा येऊन लागतो, तो गर्दीचा नव्हे. तेथे संकोच धरू नये. मोठ्याने "हात काढा" असे म्हणावे, शेजारच्या बायामाणसांना सांगावे आणि घरीही सांगावे. या बाबतीत मुलींनाच सोशिकपणाचा उपदेश करण्याची जुनी सवय मोडली पाहिजे.

बाजारात आणखी एक अंतर असते, ते उंचीचे. भाजी विकणारी आजी जमिनीवर बसलेली असते आणि गिऱ्हाईक उभे असते. तिच्या डोक्यावर वाकून, मागून ढिगात हात घालणारे गिऱ्हाईक तिला कधीच आवडत नाही. समोर थोडे तिरपे उभे राहून "आजी, मेथी कशी दिली?" असे विचारले, की ती वर पाहते. खाली बसून विचारले, तर मान वर करण्याचा त्रासही वाचतो.

अंध मनुष्याला भेटताना मात्र समोर आणि तिरपे यांचा काही उपयोग होत नाही. पुष्कळजण त्याचा हात एकदम धरतात, मागाहून बोलतात. क्रम उलटा हवा. आधी त्याचे नाव घ्यावे, म्हणजे ती हाक आपल्यासाठी आहे हे त्याला एवढ्या कोलाहलात कळते. मग आपले नाव सांगावे. मग थांबावे, हात तो स्वतः पुढे करील.